चार तास पन्नास मिनिटे : उद्यमबागेतल्या एका कामगाराची झोप, रक्तदाब आणि साखर

परशरामची (नाव, गाव आणि कारखाना बदलले आहेत) गोष्ट सविस्तर लिहीत आहे, कारण दवाखान्यात असे रुग्ण वारंवार येतात आणि पाच मिनिटांत गोळी घेऊन परत जातात. वय छत्तीस, अंगाने सडपातळ, तंबाखू नाही, दारू नाही. तरी दाब वाढलेला आणि साखर काठावर.

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. घरी चार म्हशी आणि थोडी भाताची जमीन. परशराम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. पाच वर्षांपूर्वी वडिलांचे गुडघे गेले, तेव्हा म्हशींचे काम त्याच्या अंगावर आले. सकाळ मोकळी मिळावी म्हणून त्याने कायमची दुसरी पाळी मागून घेतली, दुपारी अडीच ते रात्री अकरा.

दिवस असा जायचा. पावणेपाचला उठणे, वैरण टाकणे, शेण काढणे, धार काढणे आणि साडेसहापर्यंत डेअरीला दूध पोचवणे. मग शेताकडे फेरी, जेवण आणि पाळीवर. मोटारसायकलने घरी यायला रात्रीचे साडेअकरा, मग जेवण, आणि अंथरुणाला पाठ टेकायला बारा ते सव्वाबारा. पाळीत सहा-सात वेळा गोड चहा व्हायचा, त्यातला शेवटचा रात्री दहाला. रविवारी कारखान्याला सुट्टी असली तरी म्हशींना नसते. त्या दिवशी तो दुपारी तीन तास झोपायचा आणि आठवड्याची झोप भरून निघाली असे समजायचा.

कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत दाब १४८/९६ आणि उपाशीपोटीची साखर ११३ निघाली. “मला काय सुद्दा होत नाही बघा डॉक्टर, मशीनच बिघडलं असंल,” हे त्याचे पहिले वाक्य.

अडचण

एका वेळच्या आकड्यावर कुणाला रुग्ण ठरवू नये. रांगेत उभे राहून घेतलेला दाब तर मुळीच धरू नये. म्हणून पहिले काम होते ते आकडे खरे आहेत का, हे पाहण्याचे.

दंडावर बांधायचे यंत्र त्याला सात दिवस घरी दिले. सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर आणि चहाच्या आधी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसून दोन वेळा दाब घ्यायचा. रात्री निजण्याआधी तसेच पुन्हा दोनदा. वैरणीचा भारा उचलून आल्यावर घ्यायचा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्या सहा दिवसांची सरासरी आली १४३/९२. घरी घेतलेल्या दाबाची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असली तर तो वाढलेला धरतात. म्हणजे मशीन बिघडले नव्हते.

साखरेसाठी पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज देऊन चाचणी केली. दोन तासांनी १६२. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे एचबीए१सी ६.०. हिमोग्लोबिन चांगले होते हे मुद्दाम सांगतो, कारण लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी उगाच वाढलेले दिसते. हे तिन्ही आकडे मधुमेहाच्या अलीकडचे, पण निरोगी माणसाच्या पलीकडचे होते.

मग नेहमीची कारणे शोधली. वजन ६४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ८६. मूत्रपिंड, थायरॉइड, पोटॅशियम, लघवीतली प्रथिने आणि ईसीजी, सगळे ठीक. वडिलांना दाब साठीनंतर लागला, घरात मधुमेह कुणालाच नाही. आपल्याकडच्या माणसाला वजन बेताचे असूनही मधुमेह होऊ शकतो हे खरे, पण पोटावर चरबी नसलेल्या या माणसात तेवढे कारण पुरेसे वाटेना.

झोपेचे विचारले तेव्हा तो म्हणाला, “सहा तास तरी होतेच की ओ.” माझ्या अनुभवात हा आकडा जवळजवळ नेहमी फुगलेला असतो. माणूस कामावरून घरी आल्यापासून उठेपर्यंतचा काळ मोजतो, त्यात जेवण, मोबाइल आणि कूस बदलणे सगळे येते. म्हणून त्याला एक वही दिली. दिवा कधी मालवला, जाग कधी आली आणि दुपारी किती झोपला, एवढेच लिहायचे. दोन आठवड्यांची सरासरी निघाली चार तास पन्नास मिनिटे, आणि तीही रविवारची दुपारची झोप धरून.

झोपेचा इथे संबंध काय

गाढ झोपेत दाब दिवसाच्या तुलनेत साधारण दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती. जो पाच तासांहून कमी झोपतो त्याचे उतरलेल्या दाबाचे तास कमी होतात आणि चढ्या दाबाचे वाढतात. शिवाय अपुऱ्या झोपेने शरीराची धावपळीला तयार ठेवणारी चेतासंस्था जागी राहते, त्यामुळे जी झोप मिळते तिच्यातही दाब पुरेसा उतरत नाही. अमेरिकेतल्या लोकांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात बत्तीस ते एकोणसाठ या वयात पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना उच्च रक्तदाब होण्याचा धोका सात-आठ तास झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होता. वजन, मधुमेह वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्यावर तो सुमारे साठ टक्के जास्त राहिला. साठीनंतरच्या लोकांत मात्र असा संबंध दिसला नाही.

साखरेबाबतचा पुरावा अधिक थेट आहे, कारण तो प्रयोगातून आला. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. रक्तातली साखर हटवण्याचा त्यांचा वेग भरपूर झोपेनंतरच्या वेगापेक्षा सुमारे चाळीस टक्के कमी झाला. संध्याकाळी उतरायला हवे ते ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, चढे राहिले. स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते, आणि वर्षानुवर्षे हे चालले की उपाशीपोटीची साखर हळूहळू वर सरकते. आठवडाभर कमी झोपून सुट्टीत भरून काढण्याचा प्रयोगही २०१९ मध्ये झाला आहे. इन्सुलिनला मिळणारी दाद त्याने पूर्ववत झाली नाही. परशरामची रविवारची दुपार त्याला वाचवत नव्हती, ती एवढ्यासाठी.

एक मर्यादा इथेच सांगतो. प्रयोग थोड्या दिवसांचे आणि थोड्या लोकांवरचे असतात, मोठ्या पाहण्यांतून संबंध दिसतो पण कारण सिद्ध होत नाही. म्हणून एका माणसाच्या बाबतीत ‘झोपेमुळेच’ असे आधी म्हणू नये, तपासून पाहावे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे लगेच दाबाची गोळी सुरू करणे. तो चुकीचा नव्हता. पण दाब पहिल्या पायरीवरचा, कुठल्याही अवयवाला इजा नाही, साखर मधुमेहाच्या हद्दीत नाही. अशा कमी धोक्याच्या माणसाला तीन महिने राहणी बदलून पाहायला वेळ देता येतो. अट एवढीच की दाब मोजणे थांबता कामा नये. घरची सरासरी १५०/९५ च्या वर गेली, किंवा छातीत दुखणे, धाप, दृष्टी अंधुक होणे असे काही झाले, तर थांबायचे नाही आणि गोळी त्याच दिवशी, असे दोघांनी ठरवले.

दुसरा पर्याय, झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे का ते पाहणे. बायको म्हणाली, “हे घोरत नाहीत, पडले की मेल्यागत झोपतात.” मानेचा घेर ३७ सेंटिमीटर. तरी पुरुष, दाब वाढलेला आणि दिवसा थकवा, हे तीन मुद्दे जुळत होते, म्हणून एका रात्रीची घरची चाचणी केली. ताशी तीन अडथळे निघाले. पाचाच्या आत असले तर विकार नाही. ही चाचणी केली नसती तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर शंका राहिली असती.

तिसरा पर्याय, मीठ, साखर, व्यायाम आणि झोप सगळे एकदम बदलणे. बहुतेकदा मी हेच सांगतो. इथे मुद्दाम टाळले. पहिले दहा आठवडे फक्त झोप वाढवायची आणि बाकी शक्यतो होते तसे ठेवायचे, असा निर्णय घेतला. कारण परशरामला आपला दाब झोपेशी बांधलेला आहे हे स्वतःच्या वहीत दिसल्याशिवाय तो चार म्हशींची व्यवस्था हलवणार नव्हता.

चौथा पर्याय घरातून आला. परशरामच्या आईने सुचवले की सकाळचे सगळे काम सून करेल. मी त्याला ठाम नकार दिला. ती बाई रात्री नवऱ्याला वाढून साडेबाराला झोपत होती आणि पाचला उठत होती. तिची झोप त्याच्याहूनही कमी होती, फक्त तिचा दाब कुणी पाहिला नव्हता. नवऱ्याचे दुखणे बायकोच्या अंगावर सरकवणे हा उपचार नव्हे.

काय केले

आधी चोवीस तासांचे दाबाचे यंत्र लावले. त्यात एक बारकावा सांभाळावा लागतो. पुष्कळ यंत्रांत रात्र म्हणजे दहा ते सहा असे आधीच भरलेले असते. दुसऱ्या पाळीचा माणूस दहा वाजता मशीनपुढे उभा असतो आणि पहाटे साडेपाचला धार काढत असतो. तो काळ रात्रीत धरला तर रात्रीचा दाब उगाच चढा दिसतो. म्हणून त्याच्या वहीतल्या खऱ्या झोपेच्या वेळा भरल्या. जागेपणीची सरासरी आली १४१/९१ आणि झोपेतली १२९/८२. वरचा आकडा साडेआठ टक्केच उतरत होता. झोपेतला दाब १२०/७० च्या खाली असायला हवा.

मग वेळापत्रकाला हात घातला. डेअरी सकाळी साडेसातपर्यंत दूध घेते. साडेसहाला पोचायचे ते फक्त वडिलांच्या काळापासूनच्या सवयीने. शेजारी राहणाऱ्या धाकट्या भावाने संध्याकाळीच वैरण कापून गोठ्यात ठेवायची, शेण दूध घालून आल्यावर काढायचे, आणि उठायचे सव्वासहाला. धारेची वेळ एकदम दीड तास पुढे नेली असती तर म्हशींनी पान्हा चोरला असता, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे सरकवली आणि संध्याकाळची धारही तशीच पुढे नेली. पहिल्या आठवड्यात दूध थोडे कमी झाले, नंतर पूर्ववत आले. घरच्यांची सगळ्यात मोठी भीती हीच होती, त्यामुळे हे लिहिणे गरजेचे आहे.

रात्रीचे जेवण डब्यात नेऊन आठच्या सुट्टीत जेवायचे. त्यामुळे घरी आल्यावर चूल पेटत नाही, बायको दहाला झोपू शकते आणि तो पावणेबाराला अंथरुणात असतो. आठनंतर चहा बंद. दुपारी पाळीला निघण्याआधी अर्धा तास पडायचे.

पहिले दोन आठवडे अवघड गेले. बारा वाजता पडूनही त्याला पावणेपाचलाच जाग येई आणि तो उठून बसे. शरीराला लागलेली वेळ लगेच सुटत नाही. त्याला सांगितले की उठायचे नाही, दिवा लावायचा नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. तिसऱ्या आठवड्यापासून झोप साडेपाचच्या पुढे टिकू लागली.

काय घडले

दहाव्या आठवड्यात वहीतली सरासरी दुपारच्या झोपेसकट सहा तास पस्तीस मिनिटे होती. प्रौढाला सात तास हवेत, तेवढी झाली नाही. घरच्या दाबाची सरासरी १३६/८७. चोवीस तासांच्या यंत्रावर जागेपणी १३४/८६, झोपेत ११७/७३. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो हा शेवटचा आकडा, कारण झोपेतला उतार साडेआठ टक्क्यांवरून जवळजवळ तेरा टक्क्यांवर गेला होता. उपाशीपोटीची साखर १०४. वजन तेवढेच. एचबीए१सी तेव्हा केलेच नाही. ते मागच्या दोन-तीन महिन्यांचे चित्र असते, मधेच केले तर जुने आणि नवे मिसळून येते.

आता हे सगळे श्रेय झोपेचे का? साखरेबाबत मी तसे म्हणणार नाही. रात्रीचे जेवण साडेअकरावरून आठवर आले, आणि उशिरा जेवल्यावर साखर जास्त चढते हे माहीत आहे. आठनंतरचा चहा गेला म्हणजे दोन कप गोड चहाही गेला. दाबाबाबत माझी खात्री जास्त होती, पण दाब दुसऱ्यांदा मोजला की तसाही थोडा उतरलेला दिसतो.

सप्टेंबरात मात्र न ठरवता एक पडताळा झाला. भाऊ गोव्यात बांधकामाच्या कामाला दीड महिना गेला. वैरण पुन्हा पहाटेवर आली आणि परशराम पुन्हा पावणेपाचला उठू लागला. जेवण आठलाच होते, चहा बंदच होता, म्हणजे बदलली ती फक्त झोप. चौथ्या आठवड्यात तो स्वतःहून वही घेऊन आला. झोप पाच तास पाच मिनिटे, दाबाची सरासरी १४१/९०, उपाशीपोटीची साखर १०९. “डॉक्टर, वैरणीचा दाब हाय हा,” तो म्हणाला. भाऊ परत आल्यावर तीन आठवड्यांत दाब १३६/८६ वर आला, साखर १०५. एका माणसावरून नियम काढता येत नाही. पण झोप वाढली की दाब उतरला, घटली की चढला, पुन्हा वाढली की उतरला, हे पाहिल्यावर या एका माणसापुरती मला शंका उरली नाही. साखरही त्याच दिशेने हलली, थोडी का होईना.

त्यानंतरच मीठ हाताळले. लोणचे, पापड आणि जेवणात वरून घ्यायचे मीठ कमी केले. सात महिन्यांनी घरचा दाब १३१/८४, उपाशीपोटीची साखर १०२, ग्लुकोजनंतर १३८, एचबीए१सी ५.८. दाब हद्दीच्या जेमतेम आत आहे आणि साखर अजून पूर्ण निरोगी नाही. गोळी लागलेली नाही, पुढे कधी लागणारच नाही असे मी त्याला सांगितलेले नाही.

बायकोची तपासणीही केली. दाब १२८/८२, साखर ९८. तिची झोप आता सात तासांच्या जवळ आहे.

वेगळे काय करता आले असते

झोप आणि जेवणाची वेळ वेगवेगळ्या टप्प्यांत बदलली असती तर साखरेचे उत्तर स्वच्छ मिळाले असते. पण आठला जेवल्याशिवाय बायकोची झोप वाढत नव्हती, म्हणून दोन्ही एकत्र करणे मला योग्य वाटले आणि आजही वाटते.

भाऊ बाहेरगावी गेला तर काय, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवता आले असते. एकाच माणसावर टेकलेली व्यवस्था तो गेला की मोडते. आता शेजारच्या एका पोराला वैरणीसाठी महिन्याला काही रुपये ठरवून दिले आहेत, भाऊ नसेल तेव्हा तो येतो.

खरी संधी त्याआधी, कारखान्याच्या तपासणीत होती. तिथे दाब, साखर, वजन, नजर आणि ऐकू येणे सगळे पाहतात, झोपेचे कुणी विचारत नाही. ‘किती तास झोपता’ या प्रश्नाचा उपयोग नाही, उत्तर सहा येते. ‘काल दिवा कधी मालवला आणि आज कधी उठलात’ असे विचारले की खरा आकडा बाहेर पडतो. त्याला दहा सेकंद लागतात.

तरुणपणी पाच तासांत ताजेतवाने असणारे काही थोडे लोक जन्मजातच तसे असतात, हे विचारात घेतले होते. ते लोक सुट्टीतही तेवढेच झोपतात. परशराम रविवारी दुपारी तीन तास झोपत होता, म्हणजे तो त्यातला नव्हता.

कारखान्यात तिसरी पाळी सुरू होण्याची चर्चा आहे. रात्रपाळीत झोपेचे तास मोजून पुरे होतील असे दिसले तरी दिवसाची झोप तुटक असते आणि जेवण शरीराच्या रात्रीच्या वेळी पडते, दाब आणि साखर दोन्हींना ते बाधते. म्हणून त्याला पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीतच ठेवावे, असे पत्र आकड्यांसह लिहून दिले आहे. ते मान्य झाले नाही तर पाळी बदलल्यापासून चौथ्या आठवड्यात पुन्हा सात दिवसांची वही आणि चोवीस तासांचे यंत्र, नव्या झोपेच्या वेळा भरून. सरासरी १४०/९० च्या वर गेली तर त्या वेळी गोळी सुरू करायची, असे त्याच्याशी बोलून ठरले आहे.